क्यूआर कोडच्या चौकोनात काय असतं?

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाच्या पापडाच्या टेबलावर क्यूआर कोड लावलेला असतो. त्या चौकोनात पैसे नसतात, पिनही नसतो. गटाचा यूपीआय पत्ता आणि नाव, एवढाच मजकूर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेला असतो.

फोनचा कॅमेरा आधी तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शोधतो. त्यांवरून कोड तिरका आहे की उलटा, हे फोनला कळतं. मग एकेक ठिपका वाचून तो मजकूर जुळवतो. ताळा पाहायला थोडी जादा माहितीही भरलेली असते, म्हणून तेलाचा लहानसा डाग पडला तरी कोड चालतो.

पण वर कुणी दुसराच कोड चिकटवला, तर कॅमेऱ्याला फरक कळत नाही. पैसे भलत्याच खात्यात जातात. म्हणून आम्ही रोज सकाळी तो स्कॅन करून बघतो. पैसे भरण्याआधी दिसणारं नाव गटाचंच हवं.