उड्डाणपुलाचा चढ आणि सांध्याची परीक्षा

बेंगळुरूत बेळ्ळंदूरजवळच्या आउटर रिंग रोडवरून उड्डाणपुलावर चढताना सपाट रस्ता आणि चढ यांच्यामध्ये वक्र भाग असतो. तो सहसा पॅराबोलाचा घेतात. आता समजा, वक्र भाग सुरू झाल्यापासून x मीटर आडव्या अंतरावर त्याची उंची x²/1200 मीटर आहे. 20 मीटरनंतर सरळ चढ लागतो, त्याची उंची x/30 + c. हे जोडफल सांध्यावर विकलनीय, म्हणजे डिफरन्शिएबल, होण्यासाठी c किती हवा?

पहिल्यांदा किमती जुळवू. डावीकडून उंची 400/1200, म्हणजे 1/3 मीटर. उजवीकडून 2/3 + c. म्हणून c = -1/3. मग चढ पाहू. डावीकडे x/600, 20 ला 1/30, उजवीकडेही 1/30. दोन्ही जुळले, फल विकलनीय.

पुष्कळ विद्यार्थी फक्त चढ जुळवून मोकळे होतात. c शून्य घेतला तरी दोन्ही सूत्रांचे विकलज 1/30 च येतात, पण रस्त्यात 33 सेंटिमीटरची पायरी उभी राहते! व्याख्येकडे गेलं की चूक लगेच सापडते. सांध्याची खरी उंची 1/3 धरून उजवीकडे एकच सेंटिमीटर सरका: उंचीतला फरक भागिले अंतर, उत्तर सुमारे 33. अंतर आणखी कमी केलं की ते वाढतच जातं, 1/30 कडे येत नाही. म्हणून किंमत आधी तपासायची, चढ नंतर.

उलट, किंमत जुळून चढ वेगळे निघाले, तर सांध्यावर कोपरा पडतो आणि गाडीला हिसका बसतो.