साडी, शाल आणि हुकलेला ललत
(मंडळाच्या महिला शाखेच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गाण्याच्या बैठकीला काय नेसून जावं, यावर बोलायला मला सांगितलं तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. याच पायी माझा ललत हुकला होता, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

लग्न होऊन कोलकात्याला आले, त्या पहिल्याच जानेवारीत आम्ही डोवर लेन संगीत संमेलनाला गेलो. १९५२ पासूनचं हे संमेलन अनेक वर्षं नझरुल मंचात भरत आलं आहे आणि रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालण्यासाठी त्याची ख्याती आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी रात्रभर चालायचा, पण ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे ते बंद झालं. त्यामुळे पहाटेचा राग पहाटेच समोर बसून ऐकायचा, म्हणून आम्ही मुद्दाम गेलो होतो.

मी लग्नातली पैठणी नेसले. खाली साटीनचा परकर. रात्री अकरापर्यंत लोक वळून बघत होते आणि मी खुशीत होते. एक वाजता कंबरेवर नाडी रुतायला लागली. तीन वाजता मला गाणं ऐकूच येईना, लक्ष सगळं नाडीवर. चार वाजता मी ह्यांना म्हटलं, चला घरी. शेवटचे कलाकार बसायचे होते. त्यांनी ललत गायला, हे दुसऱ्या दिवशी शेजारच्या बौदींकडून कळलं. हे काही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

मग मी विचार केला की झालं काय? साटीन गुळगुळीत. त्यावर जड साडी घसरते, म्हणून आपण नाडी आवळतो. ती आवळतो उभ्याने. बसल्यावर पोट पुढे येतं, कंबरेचा घेर वाढतो, आणि बारीक नाडीवर साडीचं सगळं वजन लोंबतं. दोष पैठणीचा नव्हता. दोन तासांच्या लग्नाला ती उत्तमच. दहा तासांच्या खुर्चीला नव्हे.

आता मी सुती परकर घालते. सुती कापड साडीला धरून ठेवतं, म्हणून आवळावं लागत नाही. नेफ्यात नाडीऐवजी दोन बोटं रुंद सुती पट्टी घालते. गाठ खुर्चीत बसून मारते, आत दोन बोटं सहज जातील अशी, आणि ती मागे किंवा पोटावर न आणता बाजूला घेते. निऱ्या उभ्याने घातल्या की पुन्हा बसून बघते.

साडी मुर्शिदाबादी रेशमाची किंवा मऊ तसरची. हलकी असते आणि मंचाच्या दिव्यांच्या उजेडात सुरेख दिसते. कडक खळीची तांताची साडी सकाळच्या कार्यक्रमाला शोभते, पण रात्रभरात मागून चुरगळते आणि हललं की खसखसते. आलाप चालू असताना ते शेजाऱ्यालाही ऐकू जातं. काचेच्या बांगड्यांचंही तेच. ब्लाउज काखेत सैल हवा, पाठीवर लोंबते गोंडे नकोत, टेकलं की टोचतात.

पुरुषांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. झब्ब्यावर बसताना मागचा घोळ उचलून बसा. तो अंगाखाली अडकला की गळा मागून ओढला जातो आणि तासाभरात मान अवघडते. जाकिटाची खालची दोन बटणं बसल्यावर सोडा. पाकीट आणि किल्ल्या मागच्या खिशात ठेवू नका, एका बाजूला बसून कंबर दुखते.

जानेवारीतल्या पहाटे इथे पारा १३-१४ अंशांपर्यंत येतो. आत गर्दीत उकडतं आणि चहाला बाहेर पडलं की बोचतं. म्हणून जाड स्वेटरपेक्षा शाल बरी. ती घेता येते, मांडीवर टाकता येते, घडी करून पाठीशीही ठेवता येते. पायांत सपाट, थोडी सैल चप्पल. रात्रभर बसून पाय सुजतात आणि पहाटे घट्ट सँडल चढत नाही.

शेवटी एक युक्ती. आदल्या दिवशी सगळा पोशाख करून जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत अर्धा तास बसा, तेही पोटभर जेवून. पेपर वाचा. त्या अर्ध्या तासात दोनदा कुठे हात गेला, कंबरेला, काखेला, गळ्याला, तर तिथेच मध्यरात्री दुखणार. ते आधी दुरुस्त करा. आरशासमोर उभं राहून हे कळत नाही.

दुसऱ्या वर्षी मी तसर नेसून गेले. पहाटे शेवटचे सूर लागले तेव्हा ह्यांनी वळून विचारलं, "निघायचं?" मी शाल पायांवर ओढून घेतली आणि म्हटलं, "गप्प बसा हो, ऐकू द्या."