बोट दाबलं म्हणजे ऑर्डर दिली का? स्टोरीवरच्या स्टिकरची गोष्ट

आजचा एपिसोड छोटा आहे. विषय आहे स्टोरीवर रोज टाकायचे ते पोल आणि प्रश्नपेटी, म्हणजे त्यावर नेमकं लिहायचं काय. मी दिवसा कोड लिहितो, आणि संध्याकाळी मावशीच्या मेसचं इन्स्टाग्राम चालवतो. वर्ध्यात सेवाग्राम रोडला तिची डब्याची मेस आहे. पंचवीस पोरं-पोरी महिन्याची, बाकी सुटे डबे. या सुट्या डब्यांचा आकडा आदल्या दिवशी कळला, तर भाजी वाया जात नाही. एवढ्यासाठीच मी स्टोरी सुरू केली.

इन्स्टाग्रामवर पोल स्टिकर २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि प्रश्नपेटी २०१८ च्या जुलैमध्ये. म्हणजे आपल्यातले बरेच जण कॉलेजपासून हे दाबत आलोय. मला वाटलं, यात शिकायचं काय? टाकला पोल:

"उद्या काय खाणार? पाटवडी रस्सा की भरीत?"

मतं पडली ६२. पाटवडीला ४१. मी खुशीत मावशीला सांगितलं, तिने महिन्याचे २५ आणि हे ४१ धरून ६६ जणांचं केलं. सुटे गिऱ्हाईक आले १६. पंचवीस जणांचा रस्सा उरला. शेजारीपाजारी वाटून झाला, तरी पातेलं रिकामं होईना. मावशी म्हणाली, "काऊन रे, एवढे पोरं हो म्हनले ना? मंग आले कुठी?"

आता आपण बग शोधतो तसा हा शोधला. पोलला कोणी काय दाबलं, ते स्टोरी टाकणाऱ्याला नावासकट दिसतं. यादी उघडून एकेक नाव पाहिलं. ४१ पैकी ११ जण महिन्याचेच होते, म्हणजे ते दोनदा मोजले गेले. ६ जण जुने विद्यार्थी, आता नागपूर-पुण्यात. त्यांना फक्त पाटवडीची आठवण आली! उरले २४. त्यातले १६ आले, ८ आले नाहीत. ११, ६ आणि ८, झाले पंचवीस. हिशोब जुळला.

त्या आठपैकी दोघांना विचारलं. एक म्हणाला, "दादा, मला पाटवडी आवडते म्हणून दाबलं." दुसरा म्हणाला, "कोण पुढे आहे ते बघायचं होतं." खरंच आहे, मत दिल्याशिवाय टक्केवारी दिसतच नाही. म्हणजे चूक पोरांची नव्हती. मी विचारलं होतं "काय आवडतं", आणि वाचलं होतं "किती येणार". दोन्ही वेगळे प्रश्न आहेत.

मग मजकूर बदलला. हल्ली पोलला चार पर्याय देता येतात, ते सगळे वापरले:

"बुधवार रात्र. पाटवडी रस्सा, सुटा डबा."
"एक ठेवा"
"दोन ठेवा"
"बुधवारी नको"
"नुसतं बघतोय"

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पर्याय हे गिऱ्हाइकाच्या तोंडचं वाक्य आहे. "एक ठेवा" असं दाबताना माणसाला कळतं की आपण काहीतरी सांगतोय, डबा ठेवला जाणार आहे. "हो" दाबताना तसं वाटत नाही. दुसरी, "नुसतं बघतोय" हा पर्याय नुसत्या उत्सुक लोकांसाठी. त्यांनाही टक्केवारी बघायचीच असते, तर त्यांना बसायला जागा द्या. नाहीतर ते तुमच्या ऑर्डरमध्ये येऊन बसतात. त्या बुधवारी १९ जणांनी एक ठेवायला सांगितला, ३ जणांनी दोन. म्हणजे २५ डबे. गेले २२. उरलेले तीन आम्हीच खाल्ले, ते चालतं.

आता तुम्ही बघितलं असेल, मी "उद्या" काढून "बुधवार" लिहिलं. त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मी डोकं आपटून शिकलो. स्टोरी २४ तास राहते. मी मंगळवारी रात्री आठला "उद्या" लिहिलं. कोणी ती बुधवारी सकाळी चहा पिताना बघितली, तर त्याच्यासाठी "उद्या" म्हणजे गुरुवार. एका आठवड्यात चार पोरं गुरुवारी दारात उभी होती आणि मेसला सुट्टी होती. मावशी त्यांना घरातलं वरण-भात वाढून मला म्हणाली, "तुले तारीख लिहाले काय झालं होतं?" कोड लिहिताना मी कधीच "उद्या" असं ठेवत नाही, तारीख ठेवतो. स्टोरीत मात्र विसरलो. म्हणून नियम: आज, उद्या, रात्री उशिरापर्यंत असलं काही नाही. वार लिहा आणि वेळ लिहा, "बुधवार दुपारी १२ पर्यंत". बाराला यादीचा स्क्रीनशॉट काढा, मग स्टोरी उडवा. आणि टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, कारण टाकलेला पोल दुरुस्त करता येत नाही. उडवून नवीन टाकावा लागतो.

आता प्रश्नपेटी. यात दाबायचं नसतं, टाइप करायचं असतं, म्हणजे मागणी जास्त. मी आधी लिहिलं, "काही सुचवा." २४ तासांत दोन उत्तरं, त्यातलं एक "छान". मग लिहिलं, "मंगळवारच्या रस्स्यात काय जास्त झालं? एका शब्दात." चौदा उत्तरं आली. सहा जणांनी लिहिलं, "तेल". मावशीने तेल कमी केलं. फरक एवढाच की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचणाऱ्याच्या जिभेवर तयार होतं.

पण इथेच माझ्याकडून एक मोठी चूक झाली, आणि हा एपिसोड मी त्यासाठीच करतोय. एकदा मी पेटीवर लिहिलं, "मनातलं सांगा, नाव गुपित." बऱ्याच जणांना वाटतं की पेटीतलं उत्तर निनावी असतं. नसतं. टाकणाऱ्याला नाव दिसतं. ते उत्तर पुढे स्टोरीवर शेअर केलं तर बाकीच्यांना नाव दिसत नाही, एवढंच. एका मुलीने लिहिलं, "मंगळवारी उपास असतो, तरी डब्याचे पैसे कापतात." मी नाव न दाखवता शेअर केलं. पण मंगळवारचा उपास करणारी आमच्याकडे एकच मुलगी होती. संध्याकाळपर्यंत हॉस्टेलवर सगळ्यांना कळलं, आणि पैशांवरून तिला टोमणे बसले. ती मावशीकडे येऊन रडली. मी स्टोरी उडवली, तिची माफी मागितली. मावशीने तेव्हापासून सगळ्यांचे उपासाचे पैसे कापणं बंद केलं. पण जे वाचलं गेलं ते परत घेता येत नाही.

आता आमच्या पेटीवर असं असतं: "डब्यात काय खटकतं? नाव आम्हाला दिसतं. उत्तर स्टोरीवर टाकणार नाही." चौदाची नऊ उत्तरं झाली. पण ती नऊ जणं काय सांगतायत आणि कोणाला सांगतायत, हे त्यांना माहीत असतं. उत्तरांचं सार आम्ही आमच्या शब्दांत टाकतो: "तेल कमी केलंय, भात वाढवलाय."

तर आज रात्री तुम्ही काही टाकणार असाल, तर स्टिकरचा मजकूर एकदा अशा माणसाच्या डोळ्याने वाचा, जो तो उद्या सकाळी बघणार आहे. त्याला दिवस कळतोय का, आणि त्याचं उत्तर कोण वाचणार ते कळतंय का, एवढंच बघा. चला, बुधवारची यादी बघायची आहे. भेटू पुढच्या एपिसोडला.