परीक्षकाचे टोपणनाव



सुप्यात व्याख्यानाला उभे राहून टोपणनावाविषयी बोलायचे म्हणजे आम्हाला प्रथम आमचीच एक फजिती सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका नियतकालिकाकडे आम्ही पुस्तकांची परीक्षणे लिहीत असू. ग्रंथकार मंडळी ओळखीची, कित्येक तर पंक्तीला बसणारी. तेव्हा नाव झाकून लिहायचे ठरले. राहतो सुप्यात, म्हणून सुप्याचे नाव घ्यायचे नाही एवढी अक्कल आम्हाला होती. आम्ही शेजारच्या हंगा गावाचा आधार घेतला आणि 'हंगेकर' या नावाने लिहू लागलो. मोठी युक्ती केली असे वाटत होते. तिसरे परीक्षण छापून आले आणि त्याच आठवड्याच्या बाजारात वांगी निवडीत असताना मागून आवाज आला, "काय हंगेकर, यंदा भाव काय म्हणतो?" विचारणारे गृहस्थ साहित्यिक नव्हते. त्यांनी शोधही काही केला नव्हता. हंगा हे नाव ज्याला सुचेल तो पारनेर तालुक्यातला, पारनेर तालुक्यात दरमहा नवी पुस्तके विकत घेणारे असे किती, आणि त्यांत जुन्या कादंबऱ्यांवर चिडणारा कोण, एवढेच त्यांनी मनाशी मोजले.

ही मोजणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण या विषयाचे सगळे मर्म तिच्यात आहे. समजा, परीक्षक असू शकतील अशी आसपास चाळीस माणसे आहेत. नावावरून तालुका कळला की सहा उरतात. स्त्री की पुरुष हे कळले की चार. शिक्षकी पेशा उघड झाला की दोन; आणि त्यांतला एक गेल्या महिन्यात आजारी होता हे गावाला माहीत असते. म्हणजे एकाही माणसाने गुपित फोडले नाही आणि गुपित तर फुटले! नाव कोणाला सापडले नाही. माणसे एकेक करून वगळली गेली. मुंबईत ज्या खुणेने काही बिघडत नाही तीच खूण सुप्यात घात करते, कारण येथे मुळात चाळीसच माणसे आहेत.

आता आपल्याकडच्या प्रसिद्ध टोपणनावांकडे या दृष्टीने पाहा. शिरवाडकरांनी 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले, कारण कुसुम ही त्यांची धाकटी बहीण. नाव गोड आहे, आणि त्यांना लपायचे नव्हतेच. पण लपायचे असते तर हे नाव म्हणजे घरचा पत्ताच झाला असता. येथून पुण्याच्या रस्त्याने निघून घोड नदी ओलांडली की शिरूर लागते. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला तो 'विभावरी शिरूरकर' या नावाने. अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातले त्यात इतके उघड लिहिले होते की महाराष्ट्रात वादळ उठले आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. आणि त्यांचे बालपण गेले होते याच शिरूर-घोडनदीला. 'विभावरी' म्हणजे रात्र; ते नाव काही सांगत नाही. पण 'शिरूरकर'? त्या काळी शिरूरशी संबंध असलेल्या आणि असे लिहू शकणाऱ्या शिक्षित स्त्रिया किती असतील, हे आपण बोटांवर मोजू शकता. त्यांचे धैर्य मोठे होते, त्याविषयी वाद नाही. आम्ही फक्त नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल बोलत आहो.

याच्या उलट उदाहरण आहे ठणठणपाळाचे. 1964 साली सुरू झालेल्या 'ललित' मासिकात 'घटका गेली पळे गेली' हे सदर ठणठणपाळ या नावाने अनेक वर्षे येत असे, आणि त्यात लेखक, प्रकाशक, संमेलने यांची मनमुराद थट्टा असे. लिहीत होते जयवंत दळवी. ठणठणपाळाची जुनी गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे: स्वतःच्या नावाची लाज वाटून तो गृहस्थ चांगल्या नावाच्या शोधात निघतो, तर अमरसिंग मेलेला, धनपाल भीक मागणारा आणि लक्ष्मी गोवऱ्या वेचताना दिसते. टोपणनाव म्हणून याची योग्यता पाहा. त्याला गाव नाही, जात नाही, बहीण नाही, आडनाव नाही. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाचे ते सारखेच आहे, म्हणून ते कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. आणि दरमहा तेच राहिल्यामुळे वाचकांना ठणठणपाळ हा एक माणूसच वाटू लागला. त्याच्या आवडीनिवडी, त्याचा तिरकसपणा त्यांच्या परिचयाचा झाला. पुढे हे नाव दळवींचे हे उघड झाले ती गोष्ट वेगळी.

नाव तेच ठेवायचे ते याचसाठी. परीक्षक दर खेपेला नवे नाव घेईल तर लपणे सोपे होईल, हे खरे. पण मग त्याच्या मताला वजन राहत नाही. याने मागच्या वर्षी कोणाला डोक्यावर घेतले होते, कोणाला झोडपले होते, याचा निवाडा कसा काळजीपूर्वक असतो, हे वाचकाला पडताळता आले पाहिजे. नाव कायम ठेवले म्हणजे परीक्षक अज्ञात राहूनही जबाबदार राहतो. मात्र याची किंमत आहे, ती पुढे सांगतो.

प्रथम नाव कसे निवडावे ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या ग्रंथालयाने कथास्पर्धा ठेवली आहे आणि आठ परीक्षक आहेत. प्रत्येकाच्या अभिप्रायाखाली त्याचे कायमचे टोपणनाव जायचे आहे. आमचा पहिला आग्रह असा की परीक्षकाने स्वतः नाव निवडू नये. माणूस आपल्या आवडीचे नाव घेतो, आणि आवड ही ओळखीच्यांना ठाऊक असते. तेव्हा सगळी नावे एकाच जातीची घ्यावीत. सत्तावीस नक्षत्रे आहेत, ती चालतील. पण 'ज्याला जे हवे ते घ्या' म्हटले तर निम्मे लोक आपले जन्मनक्षत्र घेतील आणि पत्रिका जुळवणारे भटजी त्यांना पाच मिनिटांत हुडकतील! म्हणून सत्तावीस चिठ्ठ्या करून, हलवून, आठ काढाव्यात. चिठ्ठी काढताना परीक्षकांच्या नावांचा क्रम अकारविल्हे किंवा वयाने लावलेला नको; नाहीतर अश्विनी म्हणजे सर्वांत ज्येष्ठ असा तर्क बसतो. नावे चिठ्ठीने दिली आहेत हे जाहीर सांगावे, म्हणजे रोहिणीच्या मागे बाईच असेल आणि पुष्याच्या मागे बुवाच, असा अंदाज कोणी करणार नाही. उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्या ठेवून द्याव्यात. कोणी परीक्षक सोडून गेला तर नव्या माणसाला नवी चिठ्ठी. गेलेल्याचे नाव पुन्हा कोणाला देऊ नये, नाहीतर दोघांची मते एकाच्या खात्यावर चढतात.

हल्ली कोणी सुचवतात की खऱ्या नावावरून किंवा दूरध्वनीच्या आकड्यावरून यंत्राने गणित करून सांकेतिक नाव काढावे. दिसायला ते अगदी अगम्य दिसते. पण परीक्षक असू शकणारी माणसे चाळीसच असतील आणि गणिताची रीत कळली, तर चाळीसही नावे त्याच गणितातून काढून ताडून पाहायला कितीसा वेळ लागणार? जे नाव खऱ्या नावातून निघाले, ते खऱ्या नावाकडे परत जाऊ शकते. चिठ्ठीला मागे जायची वाटच नसते.

एक वाट मात्र राहते, ती नोंदीची. कोणते नक्षत्र कोणाचे, हा कागद एकच असावा, एकाच माणसाकडे, बंद पाकिटात. 2013 साली इंग्लंडमध्ये 'रॉबर्ट गॅलब्रेथ' नावाने आलेली रहस्यकथा जे. के. रोलिंग यांची निघाली. ते गुपित फुटले वकिलाच्या कचेरीतून: वकिलाने घरच्या बैठकीतल्या एका स्नेही बाईंना सांगितले आणि पुढे ते वर्तमानपत्रापर्यंत गेले. मग वर्तमानपत्राने संगणकाकडून लेखनशैलीची तपासणी करून घेतली. नावात काही दोष नव्हता. जाणणारा एक माणूस जास्त झाला होता. मानधनाची मनिऑर्डर, टपालाचा शिक्का, संगणकावर टंकलेल्या लेखाच्या पोटात आपोआप नोंदलेले मालकाचे नाव, हेही त्याच जातीचे जास्तीचे साक्षीदार समजावेत.

आता ती किंमत. नाव कायम असले की त्याखाली लेखन साठत जाते, आणि साठलेले लेखन बोलू लागते. अमेरिकेत 1787-88 साली 'पब्लियस' या एकाच नावाने तिघांनी राज्यघटनेच्या बाजूने लेख लिहिले. त्यांतले बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालला. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो मॅडिसनच्या बाजूने सोडवला, आणि तो मोठमोठ्या शब्दांवरून नव्हे. इंग्रजीतल्या 'वर', 'असताना' अशा किरकोळ अव्ययांच्या मोजणीवरून. आमच्याकडेही तसेच आहे. एक गृहस्थ 'आणि' लिहितात, दुसरे 'व'. एक 'परंतु', दुसरे 'पण'. विचार बदलता येतात, पण अव्यये बदलत नाहीत.

मराठीला तर आणखी एक खोड आहे. 'मी थांबलो' म्हटले की पुरुष, 'मी थांबले' म्हटले की स्त्री. 'म्हणतो', 'म्हणते' याचीही तीच गत. पहिल्याच परिच्छेदात चाळिसांतले निम्मे लोक वगळले जातात. 'मी पुस्तक वाचले' यात मात्र ते कळत नाही, कारण तेथे क्रियापद पुस्तकाच्या लिंगाने चालते. जुन्या टीकाकारांनी 'आम्ही' हा थाट धरला तो ऐटीसाठी असेल. पण 'आम्ही थांबलो' हे बाई आणि बुवा दोघांनाही सारखेच शोभते. आज आम्हीही तोच थाट धरला आहे, आणि आम्ही तर येथे समोर उभे आहोत, तेव्हा त्याचा उपयोग शून्य!

गुपित कितपत टिकले आहे हे कसे कळावे? आपली तीन परीक्षणे, खालचे नाव झाकून, आपल्याला आणि इतर परीक्षकांना ओळखणाऱ्या एखाद्या तिऱ्हाइताला संपादकांनी वाचायला द्यावीत आणि कोणाची वाटतात म्हणून पाच नावे मागावीत. पाचांत आपले नाव आले नाही तर ठीक. पहिलेच आले तर ते टोपणनाव संपले असे समजावे. मग काही महिने गप्प बसून नवी चिठ्ठी काढावी, आणि जुन्या नावाने गाजवलेला वाद नव्या नावाने पुढे चालवू नये. दोन नावे जोडली जातात ती बहुधा त्याच मोहाने.

हंगेकर आम्ही त्याच महिन्यात बंद केला. नव्या नावाने बरीच वर्षे लिहिले. बाजारातल्या त्या गृहस्थांनी एकदा ते नवे परीक्षण आम्हालाच वाचून दाखवले आणि म्हणाले, "हा मनुष्य तुमच्यापेक्षा बरा लिहितो."