ऑडिटरचा ‘क्वालिफाइड’ शेरा मराठीत सांगताना

थोरले काका, धाकटा भाऊ आणि वहिनी अशा तीन संचालकांची घरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांपुढे आणा. ऑडिटरचा अहवाल इंग्रजीत येतो आणि ऑफिसातलं कुणीतरी तो मराठीत करून देतं. त्यात ‘क्वालिफाइड’चं होतं ‘पात्र’ आणि ‘अनक्वालिफाइड’चं ‘अपात्र’. अर्थ नेमका उलटा! ऑडिटरच्या लेखी अनक्वालिफाइड म्हणजे स्वच्छ अहवाल, आणि क्वालिफाइड म्हणजे एखाद्या मुद्द्यावर हरकत नोंदवलेला. शीर्षकात ‘अपवादासह अभिप्राय’ लिहिलं की काका तिथेच थांबून विचारतात, ‘अपवाद कसला?’

पण खरी मेख पुढच्या वाक्यात असते. समजा, या कंपनीच्या फाउंड्रीचं एका गिऱ्हाइकाकडे 38 लाख येणं आहे आणि त्या गिऱ्हाइकाचा कारखाना तीन वर्षांपूर्वीच बंद पडलाय. कंपनीने बुडीत येण्याची तरतूद केली नाही आणि करापूर्वीचा नफा दाखवला 52 लाख. ऑडिटर म्हणतो, तरतूद केली असती तर नफा 38 लाखांनी कमी झाला असता. म्हणजे उरले 14 लाख.

अनुवादक लिहितो, ‘वरील बाबीच्या अधीन राहून हिशेब खरे व वाजवी चित्र दर्शवतात.’ ऐकायला सरकारी थाटाचं, पण बोथट. ऑडिटरांच्या 705 क्रमांकाच्या मानकानेच ‘अधीन राहून’ अशा अर्थाची शब्दरचना पुरेशी स्पष्ट आणि ठाम नाही म्हणून नको म्हटलंय. तिथे ‘वगळता’च हवं. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे ‘चित्र दर्शवतात’ एवढंच कानात राहतं. म्हणून मी संचालकांसाठी सोबत एक वेगळं वाक्य लिहितो: ‘38 लाखांची तरतूद न केल्यामुळे नफा तेवढ्याने जास्त दिसतो, ही बाब वगळता बाकीचे हिशेब ऑडिटरला मान्य आहेत.’

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ‘हिशेब चुकीचे आहेत’ असं लिहिलंत, तर तो प्रतिकूल अभिप्राय झाला; चुकांचा परिणाम सगळ्या हिशेबावर पसरलेला असेल तेव्हाच ऑडिटर तो देतो. आणि एखाद्या टिपेकडे नुसतं लक्ष वेधून ‘यामुळे आमचा अभिप्राय बदललेला नाही’ असं त्याने म्हटलं असेल, तर तिला हरकत म्हणू नका. ते वाक्य मात्र अनुवादात गाळू नका.

कंपनी कायद्याच्या 134 व्या कलमानुसार अशा प्रत्येक हरकतीवर संचालकांना आपल्या अहवालात खुलासा द्यावा लागतो. तेव्हा वहिनी, सही करण्याआधी एवढं विचारा: हे 38 लाख येणार आहेत का, आणि नसतील तर तरतूद याच वर्षी का करत नाही?