आकडे आणि मुलाखती जुळतात तेव्हा

ट्रायअँग्युलेशन म्हणजे एकच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणे. मी एकच उदाहरण घेतो.

2013-14 साली उत्तर भारतातल्या पाच राज्यांत, ग्रामीण भागात, ‘स्क्वॉट’ नावाचे सर्वेक्षण झाले. सुमारे 3,200 कुटुंबे होती. ज्या घरांत वापरण्याजोगे शौचालय होते, त्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक घरांतला किमान एक जण तरीही उघड्यावर जात होता. किती, ते कळले. का, ते कळले नाही.

कारण मुलाखतींतून पुढे आले. खड्डा भरला तर उपसणार कोण? हे काम अस्पृश्यतेशी जोडलेले, म्हणून लोकांना ते स्वतः करायचे नव्हते. त्यांना मोठा खड्डा हवा होता; सरकारी खड्डा लहान.

आता महत्त्वाची पायरी. हे कारण खरे असेल, तर सरकारी शौचालय असलेल्यांत उघड्यावर जाणारे जास्त दिसायला हवेत. सर्वेक्षणात तसेच दिसले.

पण स्वखर्चाने शौचालय बांधणाऱ्याला ते मुळातच वापरायचे असेल, हीही शक्यता उरते. आकडे एकटे हा पेच सोडवत नाहीत. मुलाखतींतली खड्ड्याची धास्ती त्यांना जोडली, की निष्कर्षाला बळ येते.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन्हीकडे लोक संकोचाने सोयीचेच उत्तर देत असतील, तर उत्तरे जुळणे हा पुरावा नव्हे. म्हणूनच तिथे घरातल्या प्रत्येकाबद्दल वेगळे विचारले होते.