गिळलेली अक्षरं

आज आम्ही जे सांगणार आहोत ते बचतीच्या वहीत लिहिलेलं नसतं, पण त्यावरून वहीतले आकडे चुकू शकतात. हा विषय आपल्या बोलण्याचा आहे.

आमच्या काही गटांत बाहेरच्या राज्यांतून लग्न होऊन आलेल्या सुना आहेत. कुणी कर्नाटकातली, कुणी मध्य प्रदेशातली. दोन-तीन वर्षांत त्या मराठी बोलायला लागतात. बाजारहाट करतात, मुलांचा अभ्यास घेतात. तरी चार बायका एकत्र बसून बोलायला लागल्या की त्या गप्प होतात. मग आपण म्हणतो, "हिला अजून मराठी येत नाही." खरं तर त्यांना मराठी येत असतं. आपण जे बोलतो त्यातली निम्मी अक्षरं तोंडातून बाहेरच पडत नाहीत, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आमच्या एका गटात घडलेली गोष्ट सांगतो. बैठकीची तारीख बदलली होती. गटाच्या सचिव ताई घरोघर निरोप देत फिरल्या. त्यांचा निरोप असा होता : सहा तारखेला सगळ्यांनी पैसे घेऊन यायचं आहे. मध्य प्रदेशातून आलेल्या एका सूनबाईंनी दारात उभं राहून तो ऐकला, "हो ताई" म्हटलं आणि बैठकीला आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, सकाळी वेळेवर येऊन बसल्या. हातात पासबुक होतं, पण पैसे नव्हते. विचारलं तर म्हणाल्या, "ताईंनीच सांगितलं, सात तारखेला पैसे न्यायला या."

घरी सासूबाई चिडल्या आणि गटात उशिराचा वीस रुपये दंड लागला. सचिव ताई शपथेवर सांगायला तयार की आपण सहाच म्हणालो आणि पैसे आणायलाच सांगितले. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी, कारण त्यांनीही जे ऐकलं तेच सांगितलं होतं. दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हती.

आम्ही सचिव ताईंना तो निरोप पुन्हा म्हणायला लावला, अगदी दारात उभं राहून घाईत सांगितला तसा, आणि मोबाईलवर रेकॉर्ड केला. मग सगळ्याजणी तो चार-पाच वेळा ऐकत बसलो. ऐकू आलं ते असं : "सा तारखेला सगळ्यांनी पैसे घेऊन्यायचंय."

आता पहिला शब्द बघा. आपण लिहितो 'सहा', पण बोलताना मधला ह विरून जातो आणि 'सा' राहतो. तसाच 'दहा'चा 'धा' होतो. आपल्याला त्याचा काही त्रास होत नाही, कारण आपण लहानपणापासून 'सा' ऐकलं की सहाच समजतो. हिंदी बोलणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी आहे. हिंदीत सहाला छह म्हणतात, बोलताना 'छे', आणि सातला मात्र सातच. त्यामुळे 'सा' आणि पाठोपाठ 'तारखेला'तला त कानावर पडला की तिला ओळखीचा शब्द सापडतो : 'सात'. तिनं मनानं जोडलं नाही, तिच्या कानानं जोडलं. खरोखर सात तारीख सांगायची असती तर आपण 'सात्तारखेला' म्हणालो असतो. दोन त एकमेकांत मिसळून एकच लांब त झाला असता, जीभ दातांवर पळभर जास्त टेकली असती. म्हणजे सहा आणि सात यांत घाईच्या बोलण्यात फरक उरतो तो त्या पळभराचा. तुम्ही दोन्ही पटापट म्हणून बघा. फोनवर तर आपल्या आपल्यातही ही गफलत होते.

आता शेवट बघा. 'घेऊन यायचं आहे' हे तीन शब्द आहेत. बोलताना 'घेऊन'चा न पुढच्या 'या'ला जाऊन चिकटतो आणि त्यातून 'न्या' तयार होतो : घेऊ-न्यायचंय. जिला मराठी शिकताना 'नेणे' म्हणजे घेऊन जाणे हे पाठ झालंय, तिला ह्यात 'न्यायचं' स्पष्ट ऐकू येणार. आणायचे पैसे क्षणात न्यायचे झाले! आपण फसत नाही, कारण पैसे न्यायचे असते तर आपण 'पैसे न्यायचेत' म्हणालो असतो, 'न्यायचंय' नाही, हे आपल्याला आतून माहीत असतं. नवशिकीला एवढा हिशेब चालत्या बोलण्यात करता येत नाही.

आणि 'आहे'? त्याचा नुसता 'य' उरला. आम्हाला विचाराल तर मराठी शिकणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट हीच. मुलांच्या पुस्तकावरून ती शिकते : मी येत आहे, हप्ता भरला आहे, ताई कुठे आहे. अंगणात ऐकते : मी येतेय, हप्ता भरलाय, ताई कुठंय. ती वाक्यात 'आहे' शोधत बसते आणि तेवढ्यात आपण दोन वाक्यं पुढे गेलेलो असतो. 'येते' आणि 'येतेय' ह्यांत एका 'य'चाच फरक. पहिलं म्हणालं तर अजून निघायचंय, दुसरं म्हणालं तर रस्त्यात आहे.

शब्दांचे शेवटही असेच जातात. 'नाही'चं आमच्याकडे 'नाय' होतं. "हप्ता भरला ना" म्हणजे भरला असेलच असं धरून विचारलेलं. "हप्ता भरला नाय" म्हणजे भरलेलाच नाही. शेवटचा 'य' गिरणीच्या आवाजात बुडाला की अर्थ उलटा. 'दिवसाआड'चंही तसंच. तिथे दोन आ एकत्र येऊन 'दिवसाड' होतं आणि शेवटचा ड पुढच्या शब्दात दडपतो. "पाणी दिवसाआड येतं" हे ऐकून एक कानडी बोलणारी सून आठवडाभर दुपारी घागर घेऊन नळावर जात होती, कारण तिला 'दिवसा' एवढंच ऐकू आलं. गोष्ट हसण्यावारी गेली. पण गोळी दिवसाआड घ्यायची की दिवसाला, असा प्रश्न आला की हसू येत नाही.

हे काही मराठीचंच खूळ नाही. आपण टीव्हीवर हिंदी ऐकतो तेव्हा 'कर रहे हो'चं 'कर रे हो' होतंच की. इंग्रजीत तर ह्याहून जास्त. आपल्या मुली पुस्तकातलं इंग्रजी घडाघडा वाचतात, पण गोऱ्या लोकांचं बोलणं लावलं की त्यांना वाटतं ही वेगळीच भाषा आहे. ते लोक वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर जोर देतात आणि बारके शब्द इतके उडवतात की त्यांतले स्वर नुसत्या ओझरत्या 'अ'सारखे ऐकू येतात. मुलीला वाटतं आपण कच्च्या आहोत. सूनबाईंनाही तेच वाटत होतं.

मग करायचं काय? पहिली सवय मोडायची ती ओरडण्याची. समोरच्या बाईला समजलं नाही की आपण आवाज चढवतो. पण गिळलेला ह मोठ्यानं बोलून परत येत नाही. 'सा तारखेला' जोरात म्हटलं तर जोरात 'सा तारखेला'च ऐकू जातं, वर आपण रागावलो असं तिला वाटतं. दुसरी सवय म्हणजे तेच वाक्य दरवेळी वेगळ्या शब्दांत सांगणं. पहिलं अर्धं कळलेलं असताना तिच्यापुढे आणखी एक नवं कोडं पडतं. तेच वाक्य तसंच्या तसं सांगावं, फक्त शब्दांच्या मध्ये जागा सोडावी. सगळीकडे नको, नाहीतर बाळाशी बोलल्यासारखं होतं आणि तिचा मान जातो. आकड्यानंतर थांबा आणि शेवटच्या क्रियापदाआधी थांबा : "सहा. तारखेला. सगळ्यांनी पैसे घेऊन. यायचं आहे." एवढ्या थांबण्यानं न हा 'घेऊन'लाच राहतो, 'या'ला चिकटत नाही.

मग तेच वाक्य लगेच आपल्या नेहमीच्या वेगात पुन्हा म्हणा. हे आम्ही मुद्दाम सांगतो. नेहमी सावकाशच बोलत राहिलात तर त्या बाईला फक्त तुमचं बोलणं कळेल, नळावरचं नाही. आधी सुटं आणि मग जोडलेलं असं एकापाठोपाठ ऐकलं की 'यायचं आहे' आणि 'यायचंय' एकच आहेत हे कानाला पटतं. शिकवायचं तर अशी जोडीच शिकवा : करत आहे, करतेय. कुठे आहे, कुठंय. पाहिजे, पायजे. शनिवारी, शन्वारी.

आणि "समजलं का?" असं विचारू नका. ह्याला कुठलीही सून "हो"च म्हणते. सूनबाईंनीही दारात तेच म्हटलं होतं. विचारायचं असं : "मग कधी येणार? काय आणणार?" तिच्या तोंडून 'सात' आलं की तिथल्या तिथे कळतं.

आकड्यांना आम्ही आता वार जोडतो. सहा तारीख, मंगळवार. एक निसटलं तर दुसरं धरतं. फोनवर सांगताना "पाचाच्या पुढचा सहा" म्हणतो. बैठकीच्या भिंतीवर तारीख अंकातही लिहितो. हिंदी शिकलेल्या बाईला ६ वाचता येतो, कारण अंक तेच आहेत. कानडी शाळेत शिकलेल्या बाईला मात्र तो ओळखीचा असेलच असं नाही, तिला बोटं दाखवून सांगावं लागतं.

दंडाचं काय झालं ते राहिलं. गटात त्यावर चांगलाच वाद झाला. एक काकू शेवटपर्यंत म्हणत होत्या की नियम म्हणजे नियम, आज हिला सोडलं तर उद्या सगळ्या म्हणतील आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेवटी ते रेकॉर्डिंग काकूंना, डोळे मिटून आणि कोण बोलतंय ते न सांगता, पुन्हा ऐकवलं. काकू म्हणाल्या, "सातच म्हणतीय की ही." दंड रद्द झाला, आणि बदललेल्या तारखेचा निरोप यापुढे तोंडी न देता चिठ्ठीवरही द्यायचा, असं वहीत लिहिलं गेलं.